बटण दाबलं, चेकआउट उघडलं, पण कार्ट रिकामी: लाइव्ह सेलमध्ये पुन्हा पुन्हा येणारी अडचण

लाइव्ह सुरू आहे, वस्तू दाखवून झाली आहे, खरेदीची लिंक कॉमेंटमध्ये पिन केली आहे. तेवढ्यात कॉमेंट येऊ लागतात: "कार्ट रिकामी दिसतेय", "लिंक चालत नाहीये". विकणारा स्वतःच्या फोनवर तीच लिंक दाबतो, त्याला वस्तू व्यवस्थित दिसते, आणि तो म्हणतो, "माझ्याकडे चालतंय, पुन्हा करून बघा." ग्राहक एकदा बघतो, दोनदा बघतो आणि निघून जातो. पुढच्या लाइव्हला पुन्हा तेच.

ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे आणि सोशल मीडियावरच्या बटणावरून ग्राहक तिथल्या चेकआउटवर येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. काही अ‍ॅपमध्ये पैसे भरण्यापर्यंतचं सगळं अ‍ॅपच्या आतच होतं, तिथे हा प्रश्न बहुतेक येत नाही. फेसबुकने लाइव्ह शॉपिंगची स्वतःची सोय 1 ऑक्टोबर 2022 पासून बंद केली आणि इन्स्टाग्रामने मार्च 2023 मध्ये. तेव्हापासून अशा ठिकाणी लाइव्ह करणारे कॉमेंटमध्ये किंवा मेसेजमध्ये लिंक देऊनच विकतात, आणि ती लिंक नीट चालवण्याची सगळी जबाबदारी आपल्या साइटवर येते.

तुमच्या फोनवर चालतं, ते का

बटण म्हणजे शेवटी एक पत्ता. ग्राहकाने काय निवडलं हे त्या पत्त्यातच लिहिलेलं असतं. मेटाच्या शॉपमधून चेकआउटवर पाठवताना पत्त्यात `products` नावाचा भाग येतो, त्यात वस्तूचा आयडी, मग कोलन, मग नग. सवलतीचा कोड असेल तर `coupon`. शॉपिफायच्या लिंकमध्ये `/cart/` नंतर व्हेरियंटचा आयडी आणि नग असतो. वूकॉमर्समध्ये `?add-to-cart=` असतं. नावं वेगळी, काम एकच: पत्ता वाचायचा, त्यावरून कार्ट भरायची, आणि ही कार्ट कुणाची हे लक्षात राहावं म्हणून ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवायची.

तुम्ही तुमच्या फोनवर आधीच लॉगिन असता. काल टेस्ट करताना तीच वस्तू कार्टमध्ये टाकलेली असते, आणि तिची कुकी ब्राउझरमध्ये शाबूत असते. त्यामुळे पत्त्यातली माहिती वाटेत गळून पडली तरी तुम्हाला कालची कार्ट दिसते आणि लिंक चालली असं वाटतं. नवीन ग्राहकाकडे ती कुकी नसते, त्याला रिकामी कार्ट दिसते. म्हणून विकणाऱ्याच्या फोनवरची टेस्ट मी टेस्ट धरतच नाही. ज्या फोनवरून तुमच्या साइटला कधी कुणी गेलेलं नाही असा फोन घ्या, त्यावर ती लिंक त्याच अ‍ॅपमधल्या मेसेजने पाठवा, आणि मेसेजमधूनच दाबा. ब्राउझरची प्रायव्हेट विंडोही पुरत नाही. का ते खाली येईल.

आधी रिकाम्या कार्टचं कारण वेगळं ओळखू द्या

बहुतेक साइटवर लिंक चुकली, आयडी सापडला नाही, माल संपला किंवा कुकी हरवली, काहीही झालं तरी ग्राहकाला एकच पान दिसतं: "तुमची कार्ट रिकामी आहे." दुरुस्ती सुरू करण्याआधी हे एक काम करून टाका. पत्त्यात `products` आलं होतं पण आयडी ओळखता आला नाही, तर तसं लिहा. माल संपला असेल तर त्या वस्तूच्या नावानिशी "संपला" लिहा. पत्त्यात काहीच आलं नसेल आणि कुकीही नसेल, तर तिसरा मजकूर. तिन्हींची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये पूर्ण पत्त्यासकट करा. मग ग्राहकाने स्क्रीनशॉट पाठवला की दोष कुठल्या टप्प्यात आहे ते तिथल्या तिथे कळतं.

एक प्रकरण, पहिल्यापासून

एका टी-शर्टचं उदाहरण घेऊ. काळा रंग, मध्यम माप, कॅटलॉगमधला आयडी `TS-BLK-M`. पोस्टवरच्या बटणातून विक्री नीट होतेय, लाइव्हच्या कॉमेंटमधल्या लिंकवरून मात्र कार्ट रिकामी येते. वस्तू तीच, साइट तीच. दोन्ही पत्ते शेजारी ठेवून बघितले की फरक दिसतो: पोस्टच्या बटणात पत्ता `www` लावून दिलेला आहे, लाइव्हमध्ये घाईत टाइप केलेल्या लिंकमध्ये `www` नाही. साइट `www` नसलेल्या पत्त्यावरून आलेल्याला `www` वर वळवते, म्हणून पान उघडतं आणि कुणाला शंका येत नाही. वळवताना काय होतं ते असं पाहायचं:

```
$ curl -sL -o /dev/null -D - \
  "https://dukan.example/checkout?products=TS-BLK-M%3A1"

HTTP/1.1 301 Moved Permanently
Location: https://www.dukan.example/checkout

HTTP/1.1 200 OK
```

`Location` ची ओळ नीट बघा. प्रश्नचिन्हानंतरचं सगळं गेलं आहे. ग्राहक योग्य पानावर पोचला, पण काय घ्यायला आला होता ते वाटेतच राहिलं. शेवटी 200 आलेला असल्यामुळे साइट चालू आहे की नाही एवढंच तपासणाऱ्या कुठल्याही साधनाला हा दोष दिसणार नाही. इथे `curl -I` वापरू नका. त्याने वेगळ्या प्रकारची विनंती जाते आणि काही सर्व्हर तिला वेगळं उत्तर देतात.

साइट एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर असेल तर हा दोष बहुधा एका शब्दातून येतो. `$uri` मध्ये प्रश्नचिन्हापुढचा भाग नसतो, `$request_uri` मध्ये असतो:

```
# माहिती गळते
return 301 https://www.dukan.example$uri;

# माहिती टिकते
return 301 https://www.dukan.example$request_uri;
```

हीच गळती इतर वळणांवरही होते: `http` वरून `https` वर जाताना, मोबाइलच्या साइटवर किंवा भाषेच्या पानावर पाठवताना, लिंक छोटी करून देणाऱ्या सेवेतून येताना. वळण असेल तिथे `Location` तपासायचं. कधी माहिती गळत नाही पण दोनदा एन्कोड होते: `%3A` चं `%253A` होतं, आणि सर्व्हरला कोलन सापडतच नाही. लॉगमध्ये `%25` दिसलं की हेच समजा.

दुरुस्तीनंतर एक गोष्ट हमखास विसरली जाते. 301 म्हणजे कायमचं वळण, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतात. ज्यांनी आधी लिंक दाबली होती त्यांच्या फोनमध्ये जुनं, माहिती गाळणारं वळण साठलेलं असू शकतं, आणि सर्व्हर सुधारला तरी त्यांना तेच दिसत राहतं. अशा वेळी लिंकच्या शेवटी `&v=2` असं काहीतरी जोडून ती नव्याने पिन करा. पत्ता बदलला की ब्राउझरला नव्याने विचारावंच लागतं. नवी वळणं तपासत असताना काही दिवस 302, म्हणजे तात्पुरतं वळण, ठेवणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

वळण ठीक असूनही वस्तू येत नसेल, तर आयडी बघा. लिंकमध्ये कॅटलॉगचा आयडी जातो आणि साइट आपल्या आतल्या नंबरने वस्तू ओळखते. या दोघांची जोडी लावलेली नसेल तर वस्तू सापडणार नाही. मापं आणि रंग असलेल्या वस्तूत आणखी एक घोटाळा होतो. सगळ्या मापांचा मिळून जो गटाचा आयडी असतो, कॅटलॉगमध्ये `item_group_id`, तो लिंकमध्ये घातला जातो. गट कार्टमध्ये टाकता येत नाही, ठरावीक माप टाकता येतं. शॉपिफायच्या लिंकमध्येही प्रॉडक्टचा नाही, व्हेरियंटचाच आयडी लागतो.

आता वस्तू येते, पण दोन येतात

वळण सुधारल्यावर पुढची तक्रार येते: "एकच घेतला, बिल दोनचं." टी-शर्टची लिंक दाबली, चेकआउट उघडलं, नेटवर्क रेंगाळलं म्हणून ग्राहकाने पान रिफ्रेश केलं. पत्त्यात अजून `products=TS-BLK-M:1` आहे. सर्व्हरने पुन्हा वाचलं, पुन्हा एक नग मिळवला. वूकॉमर्सच्या चेकआउटच्या पत्त्यालाच `?add-to-cart=` जोडलेलं असेल तर हे अगदी सहज घडतं. पैसे भरायच्या पानावरून मागे आलं तरी तेच. लाइव्हमध्ये लोक घाईत असतात, लिंक दोन-तीनदा दाबतात, म्हणून तिथे हे जास्त दिसतं.

यावर सरसकट सांगितला जाणारा उपाय म्हणजे लिंक आली की आधीची कार्ट पुसायची आणि नव्याने भरायची. मेटाच्या शॉपमधून येणाऱ्या पत्त्यासाठी तो बरोबर आहे, कारण तिथे ग्राहकाची आख्खी कार्ट पत्त्यात येते. लाइव्हच्या लिंकमध्ये मात्र एकच वस्तू असते. ग्राहकाने आठव्या मिनिटाला काळा टी-शर्ट घेतला, विसाव्या मिनिटाला निळा घेतला, तर पुसून भरण्याच्या पद्धतीत काळा नाहीसा होतो. ही तक्रार क्वचितच तुमच्यापर्यंत पोचते, कारण ग्राहकाला एकच वस्तू मिळते आणि त्याला वाटतं आपणच काहीतरी चुकलो. विक्री गेली हे कुठल्याच नोंदीत दिसत नाही. मला हा दोष दोन नग येण्यापेक्षा गंभीर वाटतो.

म्हणून दोन दारं वेगळी ठेवा. शॉपमधून येणाऱ्यांसाठी `/checkout`, तिथे पत्त्यात `products` असेल तरच कार्ट पुसून भरायची. लाइव्हच्या लिंकसाठी वेगळा पत्ता, समजा `/live`, आणि तिथला नियम असा:

```
कार्ट[TS-BLK-M] = max(आधीचे नग, 1)
बाकीच्या ओळींना हात लावायचा नाही
मग 303 ने स्वच्छ पत्त्यावर पाठवायचं
```

नग मिळवायचे नाहीत, किमान इतके आहेत ना एवढंच बघायचं. एकच लिंक पाच वेळा दाबली तरी नग एकच राहतो, आणि ग्राहकाने आधी स्वतःहून दोन केले असतील तर ते कमीही होत नाहीत. 303 ने स्वच्छ पत्त्यावर पाठवल्यामुळे रिफ्रेश केलं तरी वस्तू टाकण्याची सूचना पुन्हा जात नाही. इथे साठवलेली पानं देणारा कॅश मध्ये नसावा. `/live` आणि `/checkout` दोन्हीच्या उत्तरात `Cache-Control: no-store` हवं. उत्तराच्या हेडरमध्ये `HIT` दिसत असेल, तर तुमच्या सर्व्हरपर्यंत विनंती पोचलेलीच नाही.

अ‍ॅपच्या आतला ब्राउझर आणि बाहेरचा ब्राउझर

सोशल मीडियाच्या अ‍ॅपमध्ये लिंक दाबली की ती बहुतेक वेळा अ‍ॅपच्या आतल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. हा ब्राउझर फोनच्या नेहमीच्या ब्राउझरपासून वेगळा असतो, आणि त्याच्या कुकीही वेगळ्या. प्रायव्हेट विंडोतली टेस्ट पुरत नाही ती यामुळे. ती विंडोसुद्धा बाहेरच्या ब्राउझरचीच असते.

आता ग्राहकाचं काय होतं ते पावला-पावलाने बघा. टी-शर्ट आतल्या ब्राउझरच्या कार्टमध्ये आला. चेकआउटवर लॉगिन मागितलं, त्याने गूगलचं बटण दाबलं. अशा आतल्या ब्राउझरमधून येणारं लॉगिन गूगल 2021 पासून अडवतं आणि स्क्रीनवर `disallowed_useragent` अशी चूक येते. किंवा लॉगिन झालं, पण पैसे भरायला दुसरं अ‍ॅप उघडायचं होतं आणि आतल्या ब्राउझरला ते उघडता आलं नाही, `ERR_UNKNOWN_URL_SCHEME` आलं. ग्राहक हुशार असतो. तो मेनूतून "ब्राउझरमध्ये उघडा" निवडतो. बाहेरच्या ब्राउझरमध्ये आपलं स्वच्छ `/checkout` उघडतं. पत्त्यात वस्तू नाही, या ब्राउझरकडे कुकी नाही. कार्ट रिकामी.

म्हणजे दोन नग टाळण्यासाठी पत्ता स्वच्छ केला, आणि त्याच स्वच्छतेमुळे ब्राउझर बदलणाऱ्याची कार्ट गेली. पुन्हा `products` पत्त्यात ठेवून उपयोग नाही. निळा टी-शर्ट नंतर घेतला असेल तर पत्त्यात शेवटची एकच वस्तू असणार. कार्टचीच खूण पत्त्यात ठेवावी लागते. 303 ने पाठवताना `/checkout` ऐवजी `/c/` आणि पुढे लांबलचक, अंदाज न करता येणारं टोकन. किमान 128 बिटांचं यादृच्छिक मूल्य. हा पत्ता कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडला की तीच कार्ट दिसते.

टोकन लावताना काळजी घ्यायची ती अशी. ग्राहक हा पत्ता कुणालाही पाठवू शकतो, "बघ, हा घेतोय" म्हणून. त्यामुळे टोकनमागे फक्त वस्तू, नग आणि कूपन असावं. नाव, पत्ता, फोन नंबर सेशनच्या कुकीशी बांधलेले राहू द्या, भले ब्राउझर बदलल्यावर ते पुन्हा भरावे लागोत. दुसऱ्या ब्राउझरमध्ये टोकन उघडलं की मूळ कार्ट न देता तिची नक्कल करून द्या, म्हणजे मैत्रिणीने एक वस्तू काढली तर पहिलीच्या कार्टमधून ती जाणार नाही. ऑर्डर झाली की टोकन बंद, नाहीतर तोच माल दुसऱ्यांदा मागवला जाईल. तसंही एका दिवसानंतर ते चालू ठेवायचं काही कारण नाही.

आणि खाते न उघडता खरेदीची सोय द्याच. आतल्या ब्राउझरमधून येणाऱ्याला लॉगिनच्या दारात उभं केलं, की वरची सगळी साखळी सुरू होते. गूगलचं बटण पूर्ण काढायची गरज नाही. युजर एजंटमध्ये `FBAN`, `FB_IAB` किंवा `Instagram` दिसलं तर तेवढ्यापुरतं ते लपवा. पैसे भरायच्या ज्या पद्धतीला दुसरं अ‍ॅप लागतं, तिच्या खाली अशा वेळी "ब्राउझरमध्ये उघडा" चं बटण द्या, म्हणजे चूक दिसायच्या आधीच ग्राहक योग्य जागी जाईल, आणि टोकनमुळे कार्टही सोबत जाईल.

विक्री न होताच माल संपतो

एवढं सुधारल्यावर क्वचित एक वेगळाच प्रकार समोर येतो. दहा नग लावले, लिंक टाकली, आणि कुणी ऑर्डर करायच्या आतच "संपला". लॉग उघडला तर `facebookexternalhit` अशा नावाच्या विनंत्या दिसतात. लिंकचं शीर्षक आणि चित्र दाखवण्यासाठी प्लॅटफॉर्मचा क्रॉलर पत्ता उघडून बघतो. तुमची साइट लिंक उघडताच कार्ट बनवत असेल आणि कार्ट बनताच माल राखून ठेवत असेल, तर प्रत्येक क्रॉलर एक नग अडवून बसतो. लिंक नुसती उघडून बघणारे ग्राहकही तसंच करतात.

म्हणून लिंक उघडल्यावर माल राखू नका, पैसे भरायला सुरुवात केल्यावर राखा. वूकॉमर्समध्ये पैसे न भरलेल्या ऑर्डरसाठी माल राखायची मुदत सुरुवातीला 60 मिनिटांची असते. तासाभराच्या लाइव्हला ती फार मोठी आहे. पैसे अर्धवट सोडून गेलेल्याचा नग लाइव्ह संपेपर्यंत मोकळाच होत नाही. मी ती 10 ते 15 मिनिटांवर आणतो. त्याहून कमी केली तर बँकेचा कोड यायला उशीर झालेला खरा ग्राहकही बाहेर पडतो. क्रॉलरला मात्र कार्ट न बनवता फक्त वस्तूचं पान द्या. त्याला शीर्षक आणि चित्र एवढंच हवं असतं.